चौकातल्या विहिरीसह घर माझ्या लेकीला

मी, खाली सही करणारी, शिवणकामावर संसार ओढलेली विधवा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. पाय गेलेत, डोकं जागेवर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी भांडून बघावं.

शिलाई मशीन आणि कात्र्या माझ्याकडे शिवण शिकणाऱ्या पोरींना. बँकेत असेल ते लेकीला.

जुनं रिकामं घर, चौक आणि चौकातली विहीर, हेही माझ्या एकुलत्या एक लेकीलाच. ती म्हणेल, "बाबांनी उडी मारली ते घर मला नको." उडीची गोष्ट तिला तिच्या काकांनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी सांगितली. त्या दिवशी घरात ते दोघे भाऊच होते, मी बाजारात. तेव्हापासून लेक बापाचं नाव काढत नाही. "टाकून गेला आपल्याला," म्हणते. माझं काळीज तुटतं, म्हणून पुढचं लिहिते.

परवा दलालाने विक्रीसाठी घराचे फोटो काढले; आता विकत नाही. हे गेल्यावर विहिरीवर ठोकलेल्या फळ्या आता कुजून पडल्यात, त्यामुळे फोटोत आतलं दिसतं. निम्म्यावर आडवा लोखंडी गर्डर, त्यावर इंजिन बसवायचे बोल्ट, मागच्या दगडांवर काजळी. आणि भावजी शपथेवर सांगत होते, "इंजिन आत नेलंच नव्हतं!"

त्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं होतं. काठावरचा पंप सात-आठ मीटरपलीकडून पाणी ओढत नाही, कितीही आदळआपट करा. म्हणून रॉकेलचं इंजिन आत उतरवायचं भावजींच्या डोक्यात. हे म्हणाले, "अरे, धूर कुठे जाईल?" भावजी म्हणाले, "वर आभाळ मोकळं आहे की!" एवढं ऐकून मी निघाले.

विहिरीत वारा खेळत नाही. धूर विरला तरी त्यातला विषारी वायू आत कोंडून राहतो. त्याला ना रंग, ना वास. हे पाइपाच्या टोकाची गाळाने तुंबलेली झडप मोकळी करायला उतरले आणि तिथेच कोसळले. तळाशी पाणी गुडघाभर, कमरेला पाना खोचलेला. जीव द्यायला निघालेला माणूस पाना घेऊन जातो होय? चेहरा तर गुलाबी होता. त्या वायूने तसं होतं, हे मला शेजारच्या नर्सबाईंनी पुढे सांगितलं.

लेकीने विहीर स्वतः बघेपर्यंत गर्डर कोणी काढू नये. तिने काठावरूनच बघावं. आत कोणीही उतरू नये.

भावजींना काहीही नाही. ज्याला काही मिळत नाही त्याने साक्षीदार व्हावं हे बरं, म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलंय. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही. तरी मी चष्मा आणायला सांगितलाय.

ठिकाण: राहती खोली. दिनांक: ९ मार्च.
सही: आक्का

साक्षीदार १: शेजारच्या नर्सबाई. आक्कांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: मयताचा धाकटा भाऊ. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. सगळं वाचलं. पोरी, दादाने उडी मारली नाही.