हुंगलेलं फूल

आबा, तुम्ही गेलात त्याच्या थोडं आधी मी मुंबईत सुगंध बनवणाऱ्या एका कंपनीत नुकताच लागलो होतो आणि तुम्ही गावभर सांगत होतात, "पोरगं अत्तराच्या कारखान्यात हाय." ते अत्तर नव्हतं. साबणात आणि फरशी पुसायच्या औषधात घालायचे वास होते. तुम्हाला इतका आनंद झालेला की मी ते कधी दुरुस्त केलं नाही. आता माझी पन्नाशी आली. बरीच वर्षं नेदरलँड्समध्ये आहे, आल्मेरेला राहतो, सकाळच्या ट्रेनने कामावर जातो, आणि काम अजून तेच आहे: वास घ्यायचा आणि तो कसा आहे ते दुसऱ्याला समजेल असं सांगायचं. वास घेणं कुणालाही येतं. सांगण्यात सगळे अडकतात, आणि या हिवाळ्यात मीही अडकलो. ते तुम्हालाच सांगावंसं वाटलं, कारण तो वास तुमचा होता.

आपल्या शंकराच्या गाभाऱ्यात उतरायच्या पायऱ्या मला अजून पायांनी आठवतात. तिसरी पायरी मधे झिजलेली, तिथे पाणी साठायचं. तुम्ही गुरव, म्हणून पहाटेचा गाभारा आपल्या दोघांचाच. तुम्ही तांब्याची कळशी घेऊन पुढे, मी फुलांची परडी घेऊन मागे. एकदा त्या परडीतलं कण्हेरीचं फूल मी नाकाला लावलं. तुम्ही पाठ न वळवता कसं ओळखलंत कोण जाणे. "हुंगलंस?" मी फूल मुठीत लपवलं. "टाक ते. हुंगलेलं फूल देवाला चालत न्हाई, उष्टं झालं ते." मी म्हटलं, कण्हेरीला वासच नाही, मग उष्टं कसं होईल? तुम्ही हसलात. "वकील झालाय मोठा! वास न्हाई तर नाक कशाला घातलंस?" आणि ते फूल तुम्ही माझ्याच कानामागे खोचलंत. दिवसभर मी ते घालून शाळेत बसलो होतो.

आमच्या धंद्यात वासाला स्वतःचे शब्द जवळजवळ नाहीत. लाल म्हटलं की टोमॅटो, कुंकू, जास्वंद या सगळ्यांतलं काहीतरी एक आपण बाजूला काढून दाखवतो. वासाचं तसं होत नाही. गुलाबासारखा, चिंचेसारखा, ओल्या कुत्र्यासारखा, असं ज्याचा वास त्याचं नाव घेऊनच बोलावं लागतं. मराठीत कुबट, खवट, उग्र, खमंग असे थोडे तरी शब्द आहेत, इंग्रजीत तेवढेही पटकन सापडत नाहीत. म्हणून आम्ही दुसऱ्या इंद्रियांकडून उसने आणतो. कापलेल्या गवताचा वास हिरवा. मोगरा, निशिगंध ही पांढरी फुलं, आणि तो पांढरा डोळ्यांचा नसतो. त्यात थोडा जडपणा आणि थोडी कुजकी गोडी असते. लिंबू टोकदार, व्हॅनिला गोल, चंदन मऊ आणि सपाट, कापूर थंड. सुरांचे शब्द तर सगळीकडे: वरचे सूर आधी उडून जातात, मधले तासभर राहतात, खालचे कागदाच्या पट्टीवर दुसऱ्या दिवशीही बसलेले असतात. बाहेरच्या माणसाला ही कविता वाटते. पण हे शब्द आम्ही बाटल्यांवरून पाठ केलेले असतात. नव्या माणसाला एक बाटली हुंगायला देतात आणि सांगतात, याला हिरवा म्हणायचं. दोघांनी एकच बाटली हुंगलेली असेल तरच शब्द पोचतो, नाहीतर नुसता आवाज.

वास नाकातून जातो तो थेट मेंदूच्या त्या भागांत, जिथे आठवण आणि जीव लावणं राहतं. बोलायच्या जागेपर्यंत त्याची वाट कच्ची आहे. म्हणून वास ओळखीचा वाटतो, छातीत काहीतरी हलतं, आणि नाव येत नाही. त्यात वास मिसळले की एकमेकांत विरतात. शिकलेलं नाकही एका मिश्रणातले तीन-चार वेगळे काढू शकतं, पुढे सगळ्याचा मिळून एकच वास होतो. आणि आपला गाभारा म्हणजे काही तीन-चार नव्हे.

गेल्या दिवाळीनंतर गावी गेलो होतो. देवळाचा जीर्णोद्धार झालाय, आबा. गाभाऱ्याला चकचकीत टाईल्स, पायऱ्यांवर ग्रॅनाइट, कोपऱ्यात एक्झॉस्ट पंखा. लोकांनी प्रेमाने केलंय, मी काय बोलणार. हात जोडले, डोळे मिटले, श्वास घेतला, आणि आला फिनेलचा वास. कदाचित आम्हीच बनवलेला. त्या वासाचं जगात आता कुठेही काही उरलेलं नाही, फक्त माझ्या डोक्यात आहे, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि परत आल्यावर मी तो बनवायचं ठरवलं.

कंपनीत माझ्याबरोबर काम करणारी एक डच बाई आहे, दोन वर्षांत निवृत्त होईल. तिच्याइतकं पक्कं नाक मी पाहिलं नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं बसायचो. ती विचारायची, मी डोळे मिटून सांगायचो.

"रंग?"

"काळा. वर हिरव्याची एक रेघ." ती बेलाची.

"गुळगुळीत की खरखरीत?"

"भिंत खरखरीत, पण तेल लागलेली. आणि भस्म, कोरडं, राखाडी."

"आवाज?"

"घुमतो. खालून येतो. वर फक्त एक बारीक चर्र, वात विझल्यासारखी."

"आणि घाण कुठली आहे त्यात?"

"घाण? देवाचं घर आहे ते."

"देवाचं असेल. पण घाण नसली तर तुझं देऊळ साबण होईल. साबण आपल्याकडे पुष्कळ आहेत."

तिने ओल्या मातीचा वास असलेला तो पदार्थ घेतला, जो बीटातही असतो आणि कणभरसुद्धा जास्त होतो. त्यात नागरमोथ्याचा अर्क, कापूर, आणि विझलेल्या वातीसारखा वास देणारा एक अल्डिहाइड. त्यात बुडवलेली पहिली कागदाची पट्टी नाकाखाली धरली आणि मी म्हटलं, साबण. तिने नुसती भुवई उंचावली. मग मला कबूल करावं लागलं की छताला वटवाघळं होती. "किती?" "पुष्कळ." "आणि हे तू आत्ता सांगतोयस!" तिने एक थेंब घातला, खूप पातळ केलेला, जो मोगऱ्यातही असतो आणि गोठ्यातही. त्याबरोबर छत आलं, आबा. खोली आली. डोक्यावर काहीतरी लटकतंय असं वाटलं. तिला हवा होता तो शब्द मी मराठीत सांगितला, कुबट. ती म्हणाली, आमच्यात मुफ. दोघांनी पट्टी हुंगली आणि दोघांनी मान हलवली.

तरी काहीतरी कमी होतं. मी म्हटलं, धातू. तांबं. लहान, थंड, जिभेच्या कडेला लागणारं. तिने मान तिरकी केली. "तांब्याला वास नसतो, तुला माहीत आहे." मला माहीत होतं, शिकलोय. धातूला हात लागला की कातडीवरच्या तेलाचं काहीतरी होतं आणि तो वास उठतो. आपण ज्याला तांब्याचा वास म्हणतो, तो माणसाचा असतो. हे मी वीस वर्षं जाणतो आणि तुमच्याशी कधी जोडलं नव्हतं. त्या कळशीचा वास म्हणजे तुमचे हात होते.

तिने तो हातांचा वास देणारा पदार्थ घातला. मी पट्टी नाकाशी नेली आणि एका श्वासापुरते तुम्ही होतात. उभे नाही, बोलत नाही, नुसते पुढच्या पायरीवर. माझ्या तोंडून "आबा" निघालं. ती खिडकीकडे बघत राहिली.

तिथे थांबायला हवं होतं. पण हिरवी रेघ जरा रुंद होती, भस्म जरा ओलं होतं. मी म्हटलं, अजून एकदा. मग अजून एकदा. आमच्याकडे नियम आहे: मूळ नमुना काळ्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवायचा आणि प्रत्येक नवी पट्टी त्याच्याशी ताडायची, कारण नाकावर आणि आठवणीवर भरवसा नसतो. नव्या मुलांना हे मीच शिकवतो. इथे मूळ नमुना माझ्या डोक्यात होता, फ्रिज नव्हता, बाटली नव्हती. प्रत्येक वेळी ताडायला म्हणून मी तो उघडला आणि प्रत्येक वेळी समोरच्या पट्टीचं थोडं त्यात गेलं. जे शब्दांत सांगितलं होतं, काळा, खरखरीत, घुमणारा, तेवढंच हळूहळू उरलं. ज्याला शब्द नव्हता ते गेलं. काय गेलं तेही सांगता येत नाही. एका दुपारी तिने विचारलं, "आता जवळ आहे की लांब?" आणि मी डोळे मिटले तर आत दुसरं काही नव्हतंच. हातातल्या पट्टीचाच वास होता. "तेच आहे," मी म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पट्ट्या गोळा केल्या. तिला कळलं होतं. "सॉरी," एवढंच म्हणाली. या देशात लोक उगाच धीर देत नाहीत, ते एक बरं.

लेक मास्ट्रिख्टला शिकते, शनिवारी घरी आली. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. मी पट्टी पुढे केली आणि काहीही सांगितलं नाही. मनात होतं की रक्तात तरी काही असेल.

"बाबा, हे आपल्या खालच्या सायकलींच्या तळघरासारखं आहे," ती म्हणाली. "पाऊस पडल्यावर. ओल्या चेन, ओलं सिमेंट." माझा चेहरा बघून घाईने म्हणाली, "छान आहे पण! मला आवडतं तिथे."

ती खोटं बोलत नव्हती. तिने जे हुंगलं होतं तेच ती सांगणार. तुमचा गाभारा तिला कुठल्या शब्दाने सांगू? काळा म्हटलं तर तिचा काळा वेगळा. घुमतो म्हटलं तर तिला तळघर आठवणार. ज्याने माझ्याबरोबर ती बाटली हुंगली होती, असा एकच माणूस होता, आणि हे पत्र त्याला पोचत नाही.

सकाळी मी अजून पूजा करतो. कापूर पेटवला की छताला लावलेलं धूर ओळखणारं यंत्र ओरडतं म्हणून नुसता ठेवतो. तांब्याचा गडू आहे, त्यातून पाणी घालतो, मग बोटं हुंगतो. माझेच हात असतात.

ती शेवटची बाटली फेकली, असं घरी सांगितलंय. फेकलेली नाही. देव्हाऱ्यामागे आहे. सोमवारी बूच काढून हुंगतो, एकदाच, आणि पिंडीपुढे ती धरत नाही.