काकाचं प्रमाणपत्र

खारदांडा,
२ जून २०२५

चि. हरेश्वर यास,
अ. उ. आशीर्वाद. फोनवर तू वाद घालतोस, म्हणून लिहिते.

तुमच्या अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश ठरवताना मुलांच्या वंशाचा रकाना झाकतात, हे तू आपल्या दिशाला सांगितलंस. झालं, आता तीही इंजिनिअरिंगच्या अर्जात जातीचा रकाना कोरा ठेवणार. क्लासमधल्या मुली कोट्यातली म्हणतील, ही तिची भीती. अरे, राखीवमधून अर्ज भरला तरी आधी खुल्या यादीतच बघतात. तिथे बसली, तर राखीव जागा दुसऱ्या पोराला जाते. बारावीचा अभ्यास तिने माझ्यासोबत मासळी विकून केला, ते गुणपत्रिकेत कुठे दिसतं?

जातवैधतेला वडिलांकडच्या नातेवाइकाचं वैधता प्रमाणपत्र जोडलं की काम सोपं होतं. तुझे दादा नववीतच बोटीवर गेले, त्यांनी ते काढलंच नाही. घरात ते तुझ्याकडेच आहे. लगेच पाठव.

तुझी वहिनी,
पार्वती

न्यू जर्सी,
११ जून २०२५

ती. पार्वती वहिनीस,
सा. न. वि. वि. कुरियरने मूळ प्रमाणपत्र पाठवतोय.

मी दिशाला अर्धंच सांगितलं. इथे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने वंश बघून प्रवेश देणं बंद केलं. आशियाई मुलांची तक्रार होती, की गुण असूनही स्वभावाच्या शेऱ्यात त्यांना खाली ढकलतात. माणूस बघा, रंग नको, हे मला अजूनही पटतं. पण रकाना झाकल्यावर आमच्या कॉलेजात काळी मुलं कमी झाली, हेही मी प्रवेश समितीत बसून बघतोय. वंशामुळे काय सोसलं ते मुलाने निबंधात लिहिलं, तर आम्ही वाचतो, पण त्याची जिद्द म्हणून. वंशाचा म्हणून काही फायदा द्यायचा नाही. यंदा मुलाखतीला आलेल्या एका काळ्या मुलीने निबंधात त्याबद्दल अक्षरही लिहिलं नव्हतं. तिची जागा गेली. का लिहिलं नाही, ते मला लगेच कळलं.

मीही राखीव जागेवर शिकलो, हे इथे कुणाला सांगितलेलं नाही. दिशालाही नाही. लाज वाटायची. आता त्या लाजेचीच लाज वाटते. हे पत्र तिला वाचू दे.

तुझा,
हरेश्वर

खारदांडा,
१९ ऑगस्ट २०२५

ती. काकास,
सा. न. तुमच्या प्रमाणपत्रामुळे माझं वैधतेचं काम वेळेत झालं. खुली यादी थोडक्यात हुकली. राखीव जागेवर प्रवेश मिळाला, हवं तेच कॉलेज. आईने अख्ख्या आळीत पेढे वाटले.

पहिल्याच दिवशी बाकावरच्या तेजलने विचारलं, ओपन की कोटा. मी कोटा म्हटलं. तिने बरं म्हणून गणिताची वही मागितली. रात्रभर तयार केलेली उत्तरं वाया गेली.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला. फोनवर मला मोठं भाषण दिलंत आणि स्वतःचं लपवलंत. मग वाटलं, तुम्हीही माझ्यासारखेच घाबरला होतात.

प्रमाणपत्र परत पाठवत नाही. धाकट्या पिंटूला चार वर्षांनी लागेल. तुमच्या समितीला स्वतःच्या राखीव जागेचं सांगितलंत का, ते मात्र कळवा. मी तर सांगून बसले.

लोभ आहेच, तो खरं बोलून वाढवावा.

तुमची,
दिशा