आवक नंबर नसलेली बाई

अक्का, तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज तुला लिहायला बसले ती आठवण आली म्हणून नव्हे, भीती वाटतेय म्हणून. खोटं कशाला सांगू? उद्या सकाळी अकरा वाजता मला कोर्टात साक्ष द्यायची आहे. मघाशी कुकरची शिट्टी झाली तर हातातली पळी खाली पडली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, खात्यात पस्तीस वर्षं काढली, शंभर माणसांवर हुकूम चालवला, आणि आता मल्लेश्वरमच्या याच स्वयंपाकघरात, तुझ्याच डब्यांच्या फळीखाली, परीक्षेला बसणाऱ्या पोरीसारखी बसलेय. प्रश्न एकच विचारणार आहेत. "हे अक्षर तुमचं का?" सरकारी वकिलानं फोनवर गोड आवाजात सांगितलंय, "मॅडम, इतकी वर्षं झाली, आठवत नाही म्हणा. त्यात खोटं काही नाही." आठवत नाही! अगं, मला तर सगळं आठवतंय. तीच तर पंचाईत आहे.

तुझं रेशन ऑफिस आठवतंय. दादा गेले, मी बापाविना झाले, आणि त्यांच्या जागी तुला आवकच्या खिडकीवर बसवलं. साठ सालच्या सुमारास त्या ऑफिसात दुसरी बाई नव्हती. मी शाळा सुटली की येते, तुझ्या मागच्या बाकावर बसते, पाटीवर गणितं सोडवते आणि खिडकीपलीकडच्या गर्दीला घाबरते. टंचाईचे दिवस. रांग रस्त्यापर्यंत गेलेली, सगळ्यांच्या हातात रिकाम्या पिशव्या, आणि प्रत्येकाला वाटतंय आपलं कार्ड आज नाही झालं तर चूल पेटणार नाही. तुझ्या हाताला मात्र घाई नाही. कागद घ्यायचा, तारखेचा शिक्का मारायचा, जाडजूड वहीत नाव-गाव लिहायचं, नंबर टाकायचा आणि तोच नंबर चिठोऱ्यावर लिहून माणसाच्या हातात द्यायचा. मग कागद दाभणानं टोचून दोरीत ओवायचा. एकदा एक फुलवाली आली. वहीचं फाडलेलं पान, त्यावर कुणीतरी चार ओळी खरडलेल्या, पत्ता नाही, काही नाही. हेडक्लार्क मागून ओरडले, "अहो बाई, हा काय अर्ज झाला? परत करा!" तू मान वर न करता म्हणालीस, "सर, आधी नंबर घालते. चुका काढायला पुढं अख्खा जन्म पडलाय. परत केला तर ही आली होती हेच कुणाला कळायचं नाही."

संध्याकाळी घरी येताना मी विचारलं की तिचा अर्ज तर नामंजूरच होणार, मग नंबर कशाला? तू म्हणालीस, होईना नामंजूर. पण तो कुणीतरी सहीनिशी करील, का केला ते लिहील, आणि तो कागद घेऊन ती वरच्या साहेबाकडे भांडायला जाईल. नुसतं तोंडानं परत पाठवलं तर ती भांडणार कशावर? मला तेव्हा त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मला फक्त भूक लागली होती.

आणि तो रविवार. तू न्हाणीघरात होतीस. दार वाजलं, एक बाई उभी, काखेत मूल, हातात कार्डाचा अर्ज. ऑफिसात वेळेवर पोचता येत नाही म्हणून घर शोधत आली होती. मी सातवीतली, तुझ्या हाताखाली तयार झालेली शहाणी! अर्ज उलटापालटा केला आणि म्हणाले, "सही नाही, अंगठा नाही. नीट करून उद्या ऑफिसात आणा." ती कानडीत "सरी अम्मा", बरं बाई, म्हणाली आणि गेली. तू ओल्या केसांनी बाहेर आलीस, मी मोठ्या ऐटीत सांगितलं, आणि तुझा चेहरा असा झाला की माझी बोबडीच वळली. मारलं नाहीस. "तू कोण गं तिला परत पाठवणारी? तिचा अंगठा इथं दारात घेता आला नसता? जा, शोधून आण. ती सापडल्याशिवाय घरात यायचं नाही." मी अनवाणी पळाले. थोड्या वेळानं परत येऊन सांगितलं की बसच्या थांब्यावर सापडली, उद्या ऑफिसात येते म्हणाली. तू हुश्श केलंस, मला जेवायला वाढलंस. सोमवारी तू दिवसभर खिडकीतून तिची वाट बघितलीस.

मी नोकरीला लागले तेव्हा तू मला तुझं दाभण दिलंस, लाकडी मुठीचं. मैत्रिणींना त्यांच्या आयांनी सोन्याच्या कुड्या दिल्या, मला माझ्या आईनं दाभण. मी हसले होते. पुढं संगणक आले, ओवायला कागदच राहिले नाहीत.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत खात्यात सुधारणा आल्या. टाय लावलेला एक सल्लागार आला, पडद्यावर चित्रं दाखवून म्हणाला, आजपासून नागरिक म्हणायचं नाही, ग्राहक म्हणायचं. लोक तुमच्यापुढं हात जोडून का उभे राहतात? दुकानात राहतात का? अक्का, मला ते पटलं, अगदी मनापासून पटलं. जुन्या ऑफिसात लोकांना कसं झुलवायचे, चहापाण्याशिवाय कागद कसा हलत नसे, ते मी बघितलं होतं. नवीन सेवाकेंद्रात खुर्च्या आल्या, पंखे आले, टोकन आलं, मुली हसून बोलायला लागल्या. प्रत्येक कामाला दिवस ठरले. घराच्या अर्जाला तीस. मुदतीत निकाल लागला की पडद्यावर हिरवं, एक दिवस उलटला की लाल. महिन्याच्या शेवटी सगळ्या केंद्रांची क्रमवारी लागायची, आणि आमचे गोपनीय अहवाल त्यावरून लिहिले जायचे. खिडक्या कंत्राटदाराकडं दिलेल्या, त्याचा मोबदला पुऱ्या झालेल्या अर्जामागं. म्हणजे अर्धवट कागद घेऊन आलेला माणूस त्याला डोकेदुखी आणि मला लाल ठिपका.

त्यावर तोडगा मी काढला. दुसऱ्या कुणी नाही गं, मीच. खिडकीच्या अलीकडं एक टेबल टाकलं, "पूर्वतपासणी" अशी पाटी लावली. कागद पुरे असतील तरच टोकन. नसतील तर काय कमी आहे त्यावर खूण केलेली एक छापील चिठ्ठी आणि गोड हसू. चिठ्ठीच्या तळाला बारीक अक्षरात, "ही अर्ज मिळाल्याची पोच नाही." टोकन नाही म्हणजे संगणकात नोंद नाही. नोंद नाही म्हणजे मुदत सुरूच होत नाही, नकार नाही, आणि अपीलही नाही. तीन महिन्यांत आमचा पडदा हिरवागार. समाधानाचं कार्ड पोच घेऊन बाहेर पडणाऱ्यांकडूनच भरून घ्यायचे, तेव्हा ग्राहकही शंभर टक्के खूष. मला ढाल मिळाली, फोटो निघाला. ती ढाल अजून कपाटावर आहे, काल उलटी करून ठेवली.

जिच्या खटल्यात उद्या माझी साक्ष आहे ती बाई बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठच्या झोपडीतली. जन्मापासून तिथली. भोवती काचेच्या इमारती उठल्या, ती त्यांतल्या कचेऱ्या झाडायची. झोपड्या काढून पक्क्या खोल्या द्यायच्या ठरल्या, पण ठरल्या तारखेच्या आत अर्ज केलेल्यांनाच. कार्ड नवऱ्याच्या नावावर, नवरा बाहेरगावी कामावर मेलेला, मृत्यूचा दाखला नाही. टेबलावरच्या मुलीनं तिला चार वेळा चिठ्ठी देऊन परत पाठवलं. पाचव्या वेळी ती आवाज चढवून बोलायला लागली म्हणून मी केबिनमधून उठून आले. तिनं कागद माझ्यासमोर धरला, "स्वल्प नोडी, अक्का." जरा बघा, अक्का. मी बघितलंच नाही. चिठ्ठीवर माझ्या हातानं लिहिलं, "दाखला आणल्याशिवाय पुन्हा येऊ नये," आणि हसून म्हणाले, पुढच्या ग्राहकाला जागा द्या. कायद्यानं मी तिचा अर्ज घ्यायला बांधलेली होते. शेजाऱ्यांचे जबाब घेऊन चौकशी करता आली असती. निदान लेखी नाही म्हणता आलं असतं.

आता झोपड्या पाडायची नोटीस लागलीय. नंबरवाल्यांना खोल्या मिळाल्या. ही एकटी, पासष्टीची, उरलीय. खात्यानं कोर्टात लिहून दिलंय की या महिलेचा अर्ज कधीही प्राप्त झालेला नाही. नोंदीप्रमाणं ते अक्षरशः खरं आहे. पण तिनं त्या पाचही चिठ्ठ्या जपून ठेवल्यात, प्लास्टिकच्या पिशवीत. तिचा वकील, कोवळा मुलगा आहे, म्हणाला, "दुकानात माल मिळाला नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. हिनं कुठं जायचं होतं? ही माल मागायला आली नव्हती, हक्क मागायला आली होती." मग काल न्यायाधीशांनी विचारलं की पाचवी चिठ्ठी कुणी लिहिली, आणि खात्यानं माहिती द्यायला बोलावून बसवलेल्या माझ्याकडं सगळे बघायला लागले. उद्याची तारीख दिली.

मी "माझं अक्षर" म्हटलं तर ती आली होती हे सिद्ध होतं, खोली मिळायची वाट उघडते. आणि मग त्या टेबलाची चौकशी होईल. माझं पेन्शन, नाव, मुलांची तोंडं, सगळं डोळ्यांपुढं येतं. "आठवत नाही" म्हटलं तर मला कुणी काही करणार नाही. दुपारपासून आरशासमोर उभी राहून मी ती दोन्ही वाक्यं म्हणून बघितली. दुसरं किती सहज येतं बघ. पहिलं दर वेळी अर्ध्यावर सोडून मी पदरानं आरसाच पुसत बसते.

तरी पहिलंच म्हणेन असं ठरवलंय. दाभण पर्समध्ये टाकलंय, कोर्टाच्या दारात पोलीस काढून घेईल कदाचित, घेऊ दे. हे पत्र पाठवायला पत्ता नाही. डाळीच्या डब्याखाली ठेवीन.

पण एक राहिलं, अक्का. त्या रविवारची बाई मला सापडली नव्हती. मी थांब्यापर्यंत गेलेच नाही. देवळाच्या मागं लपून बसले, घाबरून, आणि पुरेसा वेळ झालासा वाटल्यावर परत येऊन तुला खोटं सांगितलं.