तीन पाटांची वाटणी

मी, शकुंतला भास्कर वैद्य, वय एकोणपन्नास, नागपूरच्या मुलींच्या शाळेतून प्रकृतीच्या कारणाने निवृत्त, सध्या राहणार सराफा, जबलपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. हृदय दुखणाईत आहे, डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकतील अशी माणसे आता उरली नाहीत, याचेच वाईट वाटते.

१. सराफ्यातले राहते घर आईने माझ्या एकटीच्या नावे केले होते. त्या वेळी ती म्हणाली होती, "शकू भांडून का होईना, घर राखेल." हे घर माझ्या पश्चात धाकटा भाऊ बंडू याच्या मुली ज्योती आणि विनीता यांना समसमान मिळावे. थोरले बंधू कै. श्रीपाद यांचा मुलगा चंद्रशेखर पुण्याहून येईल तेव्हा त्याला पुढची खोली मोकळी करून द्यावी. पाहुणा म्हणून त्याला मिरवू नये. बाजारातून भाजी आणायलाही पाठवावे.

समसमान हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. ज्योती हुशार आणि विनीता कामाची, असे आमच्या घरात आताच बोलले जाऊ लागले आहे. दोघी अजून शाळेत आहेत. हे बोलणे कुठे जाते ते मला ठाऊक आहे, आणि ते थांबावे हीच माझी शेवटची इच्छा आहे. बाकीची कलमे या इच्छेसाठीच आहेत.

२. शिवणयंत्र आणि पुस्तकांचे कपाट दोघींपुढे ठेवावे. जिला जे हवे ते तिने घ्यावे. कोणी काय घेतले यावर घरातल्या मोठ्यांनी चकार शब्द काढू नये, कौतुकाचासुद्धा नाही.

३. स्वयंपाकघरातले तीन पाट. यांच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

आमचे वडील, अण्णा, गन कॅरेज फॅक्टरीत सुतार होते. दादा, म्हणजे श्रीपाद, मॅट्रिकला पहिला आला तेव्हा अण्णांनी त्याच्यासाठी शिसवी पाट केला, उंच पायांचा, कोपऱ्यांत पितळी फुले ठोकलेला. उरलेल्या लाकडाचा माझा, मधला. बंडूचा अगदी जमिनीलगत, कारण तो धांदरट, पडला तरी लागायचे नाही. अण्णांच्या मनात वाकडे काही नव्हते. पण आम्ही त्या पाटांवर बसून वाढलो आणि मग उठणे जमले नाही.

नागपूरच्या स्टेशनवर मी मुख्याध्यापिका असे. मुली मला पाहून वेणी नीट करत. दिवाळीला टांगा सराफ्याच्या गल्लीत वळला की मी पुन्हा भांडकुदळ शकू होई. दादाही दार ओलांडताच बंडूची परीक्षा घेऊ लागे, आणि अण्णांच्याच कारखान्यात कामाला लागलेला, तिथे पातळ पट्टीही न बिघडवणारा बंडू घरी हमखास पेला सांडत असे. आई म्हणे, "दादाकडे बघ जरा." मी बंडूची बाजू घेऊन उसळे. आई म्हणे, "झालं हिचं सुरू." सगळे इतके ठरलेले, की एखाद्याने आपले वाक्य चुकवले तर दुसऱ्याने आठवण करून द्यावी.

मी याला पुष्कळ वर्षे आईचा स्वभाव समजत होते. एका दिवाळीला लक्षात आले, की पाट मांडल्याचा आवाज झाला तेव्हाच माझे जबडे आवळले गेले होते. अजून कोणी बोललेच नव्हते. म्हणजे भांडण माझ्यात आधीच येऊन बसत होते. त्यानंतर मी हळूहळू काही गोष्टी शिकले, त्या पोरींसाठी लिहून ठेवते. जबडा आवळला की दोन्ही तळपाय फरशीवर सपाट टेकावेत आणि आपले आजचे वय मनात म्हणावे. तुलना झाली तर तिला उत्तर देऊ नये, विचारलेल्या प्रश्नाला द्यावे. फारच झाले तर पाणी भरायला नळावर जावे, पण परत यावे. रोज थोडा वेळ घराबाहेर काढावा. मी सदर बाजारात माझ्या मैत्रिणीकडे, विनताकडे, जात असे. ती मला जशी आजची आहे तशी ओळखते. आणि ज्याने मदत मागितली नाही त्याच्या वतीने भांडू नये. हे शेवटचे मला सर्वांत जड गेले.

मी भांडेनाशी झाले तर घरात आनंद व्हावा की नाही? उलट सगळे बेचैन झाले. आई विचारे, "बरं नाही का गं तुला?" दादा मुद्दाम चिमटे काढी. मला माझ्या जुन्या जागेवर ओढून बसवल्याशिवाय कोणाला घास गोड लागेना. अशा वेळी टिकून राहायचे, कारण ओढणाऱ्यांनाही ते आपण करतो आहोत हे कळत नसते.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई चालू होती. खिडक्यांना काळे कागद लावलेले. कारखान्यात कामाचा रेटा, बंडू दुहेरी पाळी करून आलेला. मी रजा घेऊन घरी आले होते, आणि दादा अचानक पुण्याहून आला होता. जेवताना त्याने विचारले, "बंडू, जमतं का रे तुला तिथलं?"

आई म्हणाली, "त्याला काय, सांगितलं तेवढं करतो."

माझे तळपाय त्या दिवशी फरशीत रुतलेच असतील. मी गप्प राहिले. माझी जागा रिकामी राहिली, आणि त्या रिकाम्या जागेत बंडू बोलला.

"दादा, मी चार्जमन झालो. मागच्या वर्षीच. माझ्या हाताखाली अख्खं सेक्शन आहे."

"मग सांगितलं काहून नाही?" आई म्हणाली.

"सांगून राहिलो होतो ना, आई. कोणी ऐकूनच नाही राहिलं."

दादाने हातातला घास खाली ठेवला. मग खाली मान घालून म्हणाला, "मला कंपनीनं काढलं. दिवाळीपासून घरीच आहे. इथे कोणाला सांगायचं? इथे मी हुशार आहे."

आई म्हणाली, "चल, काहीतरीच!" तिला ते खरे वाटलेच नाही. बंडू मात्र उठला आणि दादाच्या ताटात भात वाढला. त्यानंतर आम्ही तिघे खूप बोललो, कारखान्याविषयी, माझ्या शाळेविषयी, दादाच्या भीतीविषयी. पन्नाशीला टेकलेला दादा मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. भावंडे म्हणून आमच्या वाट्याला तेवढे एकच जेवण आले, याचे दुःख मला कोणत्याही कलमात बसवता येत नाही.

आईही गेल्या वर्षी गेली. आता त्या पाटांवर जेवायला बंडू आणि मी. तो अजून खालच्या पाटावर बसतो. "मोठा घे," म्हटले तर म्हणाला, "ताई, तिथे दादा बसतो."

म्हणून: <s>अण्णांची करवत, रंधा व सर्व हत्यारे बंडूने घ्यावीत आणि पहिले काम म्हणून मोठ्या पाटाचे व माझ्या पाटाचे पाय कापून तिन्ही पाट जमिनीलगत, एका उंचीचे करावेत.</s>

वरील ओळी मी स्वतः खोडल्या आहेत. सही करण्याआधी बंडूला वाचून दाखवले तेव्हा तो बराच वेळ पितळी फुलांवरून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "दादाचा नाही कापणार, ताई. माझ्याला पाय लावतो."

सुधारित कलम ३: हत्यारे बंडूची. छोटे दोन पाट उंच करावेत. कोणता पाट कोणाचा, हे यापुढे कोणी सांगू नये. जो आधी येईल तो हवा तिथे बसेल. दुरुस्ती मला मान्य आहे.

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही:
मुरलीधर गणपत पागे, शेजारी, सराफा (सही)
विनता अंबादास सप्रे, सदर (सही)

लिहून देणार: शकुंतला भास्कर वैद्य (सही)
जबलपूर, ९ ऑक्टोबर १९७४

ता. क. सही झाली तेव्हा बंडू मागच्या अंगणात लाकूड तासत होता. आवाज इथपर्यंत येत होता.