क्षिप्राचा सत्कार

सीवूड्स, ८ जुलै २०२५

ती. मालतीवन्सं यांस,
सुनीतीचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलले तर क्षिप्रा दाराआड उभी राहून ऐकते, म्हणून तिच्याच जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिते आहे. अक्षर सांभाळून घ्या.

स्कूलबसच्या मागच्या सीटवर सातवीतला अभिराम आणि त्याचे दोन मित्र तिसरीतल्या संघर्षला छळत होते. त्याच्या बाटलीत थुंकायचे आणि तेच पाणी प्यायला लावायचे. आपल्या क्षिप्रानं ते वर्गशिक्षिका प्राची मॅडमना सांगितलं. अभिरामला वीस तारखेपर्यंत घरी बसवलं, मित्रांना नुसती समज दिली. इथवर ठीक.

पण मुख्याध्यापकांनी काय करावं? प्रार्थनेला पोरीला स्टेजवर बोलावून गुलाब दिला आणि माइकवरून सांगितलं, की हिच्यामुळे गुन्हेगार सापडले! मलाही बोलावलं होतं, मी मूर्ख पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, गणपतीला पेढे ठेवले.

आता तिच्या बाकावर खडूनं ‘खबरी’ लिहितात. बसमध्ये चढली की पोरं ओरडतात, की गप्प बसा रे, क्राइम ब्रांच आली. शेजारी कोणी बसत नाही. वर्गाच्या ग्रुपवर कुणी लिहिलंय, की एकवीसला अभिराम येतोय, मग बघू. काल ती म्हणाली, की यापुढे कुणाचा जीव गेला तरी मी सांगणार नाही. मला त्या पोरांची किळस येते, त्याहून माझी.

क्षिप्राला आणि अभिरामला देवळात नेऊन, देवासमोर हात मिळवायला लावू का? तुम्ही तीस वर्षं शाळा चालवलीत, सांगा.

लोभ आहेच, या खेपेस थोडी अक्कलही पाठवा.
तुमची सुनीती

चिपळूण, ११ जुलै

चि. सौ. सुनीतीस अनेक आशीर्वाद.

देवळात अजिबात नेऊ नकोस. मोठ्यांसमोर हात मिळवतात आणि जिन्यात चिमटा काढतात, आयुष्यभर पाहिलंय. गुलाब देणाऱ्या त्या शहाण्याला माझ्या शाळेत मी घंटा वाजवायलासुद्धा ठेवलं नसतं. आणि तुझा तो फोटो ग्रुपवरून आधी काढून टाक.

फुटलेलं नाव परत झाकता येत नाही. पण पोरीच्या एकटीच्या डोक्यावरचा भार उतरवता येतो. तुझ्या हिशेबाच्या वहीत तारीख, जागा, कोण, नेमके शब्द, असं सगळं लिही. ग्रुपवरच्या धमकीचा फोटो काढून ठेव. मग लेखी अर्ज दे, की सूड हा वेगळा गुन्हा धरा. एकवीसच्या आधी तिन्ही मुलांच्या आईबापांना वेगवेगळं बोलवायचं. मुलानं स्वतः केलं किंवा मित्राकरवी करवलं, दोन्ही त्याच्याच नावावर, असं सांगून सही घ्यायची. बस बदलायची ती अभिरामची. क्षिप्राची बदललीस तर शिक्षा तिलाच झाली. बसमधल्या मावशींना मागच्या सीटवर बसव, म्हणजे साक्षीला पोर लागणार नाही.

आणि सगळ्या वर्गांकडून, एकूणएक मुलाकडून, बिननावाची चिठ्ठी लिहून घ्यायची: बसमध्ये काय पाहिलंत, काय ऐकलंत? सगळ्यांनीच लिहिलं, की खबरी म्हणायचं कुणाला?

काय होतं ते कळव. जीव टांगणीला आहे.
मालती

सीवूड्स, २ ऑगस्ट

ती. वन्सं, सा. न.

मुख्याध्यापक आधी म्हणाले, की शाळेचं नाव खराब होईल. मी वही पुढे केली, तारखा वाचल्या. प्राची मॅडम माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे हलले. अभिरामच्या आईनं नाक मुरडलं, की पोरांची मस्तीच ती, एवढं काय टेन्शन घ्यायचं. मी विचारलं, की मग ती बाटली तुम्ही प्याल का? बाप सही करून गेला.

एकवीसला अभिराम दुसऱ्या बसनं आला. आमच्या बसमध्ये त्याच्या त्या दोन मित्रांनी पुन्हा ‘क्राइम ब्रांच’ सुरू केलं. मागे बसलेल्या बाळाबाई मावशींनी रजिस्टरात लिहिलं आणि त्याच संध्याकाळी दोघांच्या घरी बोलावणं गेलं. क्षिप्राला कुणी काही विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून बंद. प्रेम नाही उतू जात, पण बंद.

चिठ्ठ्या लिहून घेतल्या. क्षिप्राच्या वर्गातल्या एकेचाळीसपैकी एकतीस जणांनी ती बाटली लिहिली! शी! इतके दिवस एकतीस पोरांना ठाऊक होतं आणि खबरी ठरली माझी. पण वर्गात आता तो शब्द कुणी काढत नाही. शेजारी तिच्या वर्गातली क्रांती बसते.

काल मी पोळ्या लाटत होते, तेव्हा क्षिप्रा जवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, की शाळेच्या जिन्यात काहीतरी चाललंय, पण आधी सांग, मी सांगितलं तर माझं नाव कुठवर जाणार? मी लाटणं खाली ठेवलं. म्हटलं, की प्राची मॅडमपर्यंत, त्यापुढे नाही, मला कुणी विचारलं तरी. मग तिनं सांगितलं.

काय सांगितलं ते तुम्हालाही लिहीत नाही. रागावू नका, माया तेवढी ठेवा.
तुमची सुनीती