छातीवरचा घोडेस्वार

४ नोव्हेंबर, मंगळवार

वाट लागली! मुलाखत झकास झाली आणि तरी वाट लागली.

अंधेरीची ही कंपनी बड्या लोकांची गुंतवणूक सांभाळते. मला हवी आहे ती त्या लोकांना जाऊन भेटायची नोकरी. म्हणून माझ्या मेव्हण्याने, सौरभने, गेल्या वर्षीच्या दिवाळीत दिलेला निळा शर्ट घातला. छातीवर घोडेस्वार, चांगला मुठीएवढा! त्याचं मत असं, की ब्रँड लांबून दिसला पाहिजे.

समोर मालक, चंद्रप्रकाशजी. पांढरा शर्ट. खिसा नाही, नाव नाही, चिन्ह नाही. मी बाजाराबद्दल बोलत होतो आणि त्यांची नजर सारखी घोड्यावर.

निघताना एचआरच्या श्वेताने हळूच सांगितलं, "सर, शुक्रवारी दुसऱ्या मुलाखतीला एवढा मोठा लोगो नको. आमच्या क्लायंट्सना ते चालत नाही."

ही नोकरी हुकली तर लेकीची, गार्गीची दहावी झाल्यावर मुलुंडचं घर भाड्याने द्यायचं आणि कुडाळला जायचं. बायकोने, प्रेमाने, ठरवलंच आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी गावी जाऊन मी काय करू?

५ नोव्हेंबर

सौरभला फोन केला. तो साकीनाक्याला कपड्यांच्या एक्स्पोर्ट युनिटमध्ये आहे. म्हणे, एकाच ब्रँडमध्ये मोठा लोगो बहुतेक स्वस्त मालावर. किंमत चढते तसा तो लहान होतो, मग कॉलरच्या आत जातो, मग दिसतच नाही. मग ओळखायचं कसं? कापडाच्या पोतावरून, खांदा कसा बसलाय त्यावरून, शिंपल्याच्या बटणांवरून. ज्यांना कळतं त्यांना कळतं. बाकीच्यांना कळावं अशी त्यांची इच्छाच नसते.

हे आधी का नाही सांगितलं, विचारलं. तर म्हणतो, "भावोजी, तुमच्या सोसायटीत काय घालतात ते बघूनच घेतला ना!"

खोटं नाही. इथे साधा शर्ट घालून खाली उतरलो असतो तर जुनी नोकरी गेल्याचं गणपतीतच सगळ्यांना कळलं असतं. म्हणून तर भाजी आणायलाही घोडेस्वार घालून गेलो! बाबा आयुष्यभर लोगोशिवाय वावरले. त्याला कोणी टेस्ट म्हटलं नाही. लोक शिंप्याकडचा शर्ट म्हणायचे.

६ नोव्हेंबर

प्रेमा म्हणते, शिवून घेतलेला पांढरा घाल. पण त्याला पेनाचा खिसा, कडक कॉलर, प्लास्टिकची बटणं. त्यात मी कारकून दिसतो. लोगो नसण्याचेही दोन प्रकार आहेत आणि माझ्याकडे नेमका चुकीचा आहे. निळ्याचं कापड तरी चांगलं आहे. मग ठरवलं, घोडाच उसवायचा. प्रेमा म्हणाली, "अरे, भोकं राहतील." ऐकतो कोण!

भरतकामामागचा कागद सोलला, ब्लेडने एकेक टाका कापला. घोडा निघाला, पण खाली दुसरा घोडा! वर्षभर धुऊन शर्ट विटला होता, दोऱ्याखालचं कापड मात्र नव्यासारखं गडद. वाफ दिली, नखाने घासलं. भोकं थोडी मिटली. रंग तसाच.

वेड लागायची पाळी आली आहे. नवा घ्यायचा तर दुकानात मला कळणार तरी आहे का कुठला बरोबर? एकदा चुकलोय. लग्नातल्या कोटाचं बटण लागत नाही. उद्या हा निळाच घालणार.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बसताक्षणी चंद्रप्रकाशजींनी पाहिलं. हात छातीवर ठेवून किती वेळ बसणार?

"काढलात?"

"हो."

"का?"

"इथे शोभावा म्हणून."

त्यांनी मान हलवली आणि म्युच्युअल फंडांवर प्रश्न विचारला. मी सगळी उत्तरं बरोबर दिली. अगदी बरोबर! आवाज मात्र माझा वाटत नव्हता. नुसता लोगो असता तर ते म्हणाले असते, याला कळत नाही. आता त्यांना कळलं की मला हवंय आणि जमत नाही. ते जास्त वाईट.

मेट्रोच्या जिन्याखाली उभा राहून रडलो. लिहून टाकतो, घरी सांगणार नाही.

१० नोव्हेंबर

फोन नाही.

१२ नोव्हेंबर

नाही. प्रेमाने कुडाळला माझ्या भावाला फोन केला. माडीवरची खोली झाडून घेतो म्हणाला. गार्गी अर्ध्या ताटावरून उठली. देवा, काहीही दे. खुर्ची कुठलीही चालेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नोकरी लागली! क्लायंटना भेटायची नाही, आतली, कागदपत्रं तपासायची. पगार पुरेसा. कुडाळ टळलं.

श्वेताने फोनवर शर्टाचा साइज विचारला. क्लायंटकडे जाणारे सोडून बाकी सगळ्यांना कंपनीचा शर्ट घालावा लागतो, ड्रायव्हरपासून अकाउंट्सपर्यंत. छातीवर कंपनीचं नाव.

बेचाळीस म्हणालो. प्रेमाने देवापुढे साखर ठेवली, मीही हात जोडले.