घरात पुरुष नाही

मेरीलँड, मार्च १८६६

प्रिय लेम्युएल,

टेक्सासच्या छावणीतून तू विचारतोस, आपली डॉर्कस शाळेत जाते का. दोनदा मी ‘हो’ लिहून पाठवलं. खरं उत्तर हे आहे.

आपल्या राज्यात गुलामी संपली, त्याच आठवड्यात मालक प्रिचेटने डॉर्कसला आणि त्याच्याकडच्या इतर गुलामांच्या मुलांना गाडीत घालून कोर्टात नेलं. मी मागून चालत गेले. काळे आईबाप पोसू शकत नाहीत असं कोर्टाने ठरवलं, की मूल काम शिकण्याच्या नावाखाली जुन्याच मालकाकडे बांधून देतात.

“मी धुणी धुते, साहेब. पोरीला पोटभर घालते,” मी न्यायाधीशांना म्हटलं.

“नवरा कुठाय?”

“लढाईवर. सरकारच्याच पलटणीत.”

“म्हणजे घरात पुरुष नाही,” असं म्हणून त्यांनी सही केली. पोरगी अकराची होती. अठराची होईपर्यंत ती प्रिचेटकडे राबणार.

बाहेर प्रिचेट हसून म्हणाला, “केझाया, तू सुटलीस ना? मग जा की.”

युद्ध संपलं. गुलामीतून सुटलेल्यांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने पोरीला सोडा म्हणून कोर्टाला दोनदा लिहिलं, पण काही हललं नाही. रविवारी डॉर्कस मला कुंपणापाशी भेटते. परवा म्हणाली, “बाबा आपल्याला सोडवायलाच गेलेत ना? मग त्यांना कळव, मी अजून इथेच आहे.”

आजवर कसं कळवणार होते? तू गेला नसतास, तर त्या दिवशी कोर्टात माझ्या शेजारी उभा असतास. हे तुला सांगायला माझी जीभ रेटत नव्हती, म्हणून ‘हो’ लिहीत राहिले.

तुझी,
केझाया